गेम बॉयचं जुनं कार्ट्रिज स्वतः उतरवून ठेवताना : आधी सेव्ह, मग रॉम, आणि मधेमधे कायदा

परदेशातल्या मामाने किंवा आत्याने आणलेलं गेम बॉयचं कार्ट्रिज तुमच्या कपाटात असेल आणि त्यात तुमचा जुना खेळ अजून जिवंत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणाला मी 'पोकेमॉन रेड'चं इंग्रजी कार्ट्रिज घेतलं आहे. हा गेम १९९८ मध्ये अमेरिकेत आला. त्याची रचना साधी आहे आणि नवख्याला जे काही अडू शकतं ते बहुतेक सगळं त्यात दिसतं.

आत काय आहे ते आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी पावलं त्यावर ठरतात. हिरव्या पट्टीवर एक चिप असते, तिच्यात कारखान्यातच कायमचा गेम भरलेला असतो. ती रॉम. दुसऱ्या छोट्या चिपमध्ये तुमचा सेव्ह असतो. ही चिप वीज गेली की सगळं विसरते, म्हणून तिच्या शेजारी नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी झाळलेली असते आणि गेम बॉय बंद असतानाही ती सेव्हला थोडा थोडा करंट पुरवत राहते. रॉम अजून बरीच वर्षं टिकेल. बॅटरी मात्र पंचवीस वर्षांची झाली आहे आणि ती संपली की सेव्ह त्याच क्षणी जातो, परत मिळत नाही. त्यामुळे कार्ट्रिज उघडण्याआधी, बॅटरी बदलण्याआधी आणि रॉम उतरवण्याआधीही सेव्ह उतरवायचा, म्हणजे त्याची प्रत संगणकावर काढून ठेवायची.

लागणारं सामान

कार्ट्रिज संगणकाला जोडणारा एक रीडर लागतो. मी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हा रीडर धरून लिहितो आहे. तो यूएसबीवर चालतो आणि त्याच्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हा मोफत प्रोग्रॅम वापरतात. विंडोजसाठी तयार फाइल मिळते. लिनक्स किंवा मॅकवर पायथन असेल तर एवढं पुरे:

```
pip3 install -U "FlashGBX[qt6]"
python3 -m FlashGBX
```

याशिवाय ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या जवळ ठेवा. कार्ट्रिज उघडायची वेळ आली तर ३.८ मिलीमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या पेचकसाने तो स्क्रू निघत नाही. सेव्ह आणि रॉम उतरवायला मात्र काहीच उघडावं लागत नाही.

व्होल्टेजकडे लक्ष द्या. मूळ गेम बॉय आणि गेम बॉय कलरची कार्ट्रिजं ५ व्होल्टवर चालतात, गेम बॉय अॅडव्हान्सची ३.३ वर. काही रीडरवर हे बटणाने बदलावं लागतं. अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला चुकून ५ व्होल्ट दिले तर ते बिघडू शकतं, म्हणून जोडण्याआधी एकदा बघाच.

पहिलं पाऊल : सेव्ह

कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर किंवा खोडरबर वापरू नका, वरचा पातळ थर निघून जातो. मग कार्ट्रिज रीडरमध्ये बसवा, प्रोग्रॅममध्ये `Game Boy` हा मोड निवडा. गेमचं नाव `POKEMON RED` असं दिसलं तर संपर्क नीट झाला आहे. नावाच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आली तर पट्ट्या अजून मळलेल्या आहेत, पुन्हा पुसा.

आता `Backup Save Data` दाबा. काही सेकंदांत ३२,७६८ बाइटची फाइल मिळेल. कार्ट्रिज काढा, पुन्हा बसवा आणि तीच कृती दुसऱ्यांदा करा. दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या हव्यात. सारख्या नसतील तर संपर्क सुटतो आहे.

सेव्ह खरोखर शाबूत आहे का, हे गेमच सांगतो. त्याने सेव्हमध्ये स्वतःची एक बेरीज लिहून ठेवलेली असते आणि सुरू होताना तो ती तपासतो. बेरीज जुळली तर मेन्यूत `CONTINUE` दिसतं. जुळली नाही तर `The file data is destroyed!` असा संदेश येतो. फक्त `NEW GAME` दिसलं तर बहुधा बॅटरी आधीच संपलेली आहे. अशा वेळी गेम चालतो, खेळताही येतो, पण बंद केला की सगळं पुसलं जातं. तेव्हा सेव्ह वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं, सरळ रॉमकडे वळा.

या पायरीवर कायद्याची अडचण जवळजवळ नाही. सेव्ह म्हणजे तुमच्या खेळाची नोंद : खेळाडूचं नाव, पकडलेले पोकेमॉन, किती पैसे उरले. गेमची चित्रं, संगीत आणि कोड त्यात नसतात. जे सगळ्यात आधी नष्ट होणार आहे तेच कायद्याने सगळ्यात कमी अडवलेलं आहे. म्हणून पुढचं वाचून मन द्विधा झालं तरी हे एक काम आजच करून टाका.

दुसरं पाऊल : रॉम, आणि ती खरी आहे का

`Backup ROM` दाबल्यावर बरोबर १०,४८,५७६ बाइटची, म्हणजे १ मेगाबाइटची फाइल यायला हवी. हेही दोनदा करा. मग फाइलचा शा-१ हॅश काढा. लिनक्सवर पहिली आज्ञा, विंडोजवर दुसरी:

```
sha1sum pokemon_red.gb
certutil -hashfile pokemon_red.gb SHA1
```

हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेली एक लांबलचक खूण. एक बिट जरी वेगळा असला तरी खूण पूर्ण बदलते. खऱ्या इंग्रजी 'पोकेमॉन रेड'ची खूण अशी येते:

```
ea9bcae617fdf159b045185467ae58b2e4a48b9a
```

अशा खुणांच्या याद्या संग्राहकांनी गेली अनेक वर्षं जमवल्या आहेत, नो-इंट्रो ही त्यातली प्रसिद्ध यादी. त्यात गेम नसतात, फक्त नावं, आकार आणि हॅश असतात. त्या याद्या पाहण्यात काही गैर नाही.

खूण जुळली नाही तर घाबरू नका, आधी दोन वाचनं एकमेकांशी ताडून पाहा. दोन्ही वेगळी असतील तर कारण मळ आहे. दोन्ही सारखी असूनही यादीशी जुळत नसतील तर तीन शक्यता राहतात : एखादी पट्टी कायमची तुटलेली आहे, गेमची आवृत्ती दुसऱ्या भाषेची आहे, किंवा कार्ट्रिज नकली आहे. तुटलेल्या पट्टीची लक्षणं ओळखता येतात, कारण फाइलचे मोठे तुकडे एकसारखे पुन्हापुन्हा येतात किंवा लांबच लांब `FF` दिसतात. नकली कार्ट्रिज उघडलं तर बहुतेक वेळा नीट चिप्सऐवजी काळ्या राळेचा गोळा दिसतो. या शेवटच्या शक्यतेचा पुढे कायद्याशी थेट संबंध येणार आहे.

आता कायदा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१) मध्ये दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. खंड (एए) म्हणतो की संगणक प्रोग्रॅमच्या प्रतीचा ज्याच्याकडे कायदेशीर ताबा आहे, त्याने त्या प्रतीवरून बॅकअप प्रत काढली तर उल्लंघन होत नाही, पण ती प्रत हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यापासून निव्वळ तात्पुरतं संरक्षण म्हणून असावी आणि प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला गेला त्याच कामासाठी वापरायची असावी. खंड (एडी) स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिनव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी प्रत काढायला मुभा देतो.

वाचायला हे मोकळं मैदान वाटतं. मला तरी या दोन खंडांमुळे आपल्याकडचा घरगुती संग्राहक अमेरिकेतल्या संग्राहकापेक्षा जास्त सुरक्षित वाटतो. पण प्रत्येक शब्द तोलून पाहा.

'तात्पुरतं' म्हणजे किती? पंचवीस वर्षं जुन्या कार्ट्रिजची कायमची डिजिटल प्रत तात्पुरती म्हणायची का? 'ज्या कामासाठी दिला गेला' म्हणजे फक्त गेम बॉयवर खेळणं, की खेळणं, मग ते फोनवर का असेना? (एडी) या प्रश्नांत शिरत नाही, म्हणून खेळणाऱ्यासाठी तोच जास्त उपयोगाचा. पण त्यातही 'कायदेशीरपणे मिळवलेली' ही अट आहेच, आणि नकली कार्ट्रिज तिथेच गळतं.

दुसरी गुंतागुंत अशी की गेम म्हणजे नुसता प्रोग्रॅम नाही. त्या एका मेगाबाइटमध्ये कोड आहे, संगीत आहे, चित्रं आहेत, संवाद आहेत. (एए) आणि (एडी) हे दोन्ही खंड फक्त प्रोग्रॅमबद्दल बोलतात. युरोपात हाच प्रश्न निन्टेंडो विरुद्ध पीसी बॉक्स या खटल्यात आला आणि जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिडिओ गेम ही प्रोग्रॅमपेक्षा मोठी, संमिश्र कृती आहे. आपल्याकडे चित्रं आणि संगीतासाठी कलम ५२(१)(ए) चा आधार घेता येतो. तो खाजगी, वैयक्तिक वापरासाठी योग्य प्रमाणातल्या उपयोगाला परवानगी देतो, मात्र त्यातून संगणक प्रोग्रॅम स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे तुमच्या एका फाइलचा बचाव करायला दोन वेगवेगळी खांबं उभी करावी लागतात, कोडसाठी एक आणि बाकीसाठी दुसरा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी गोष्ट आणखी रंजक आहे. तिथल्या कायद्याचं कलम ११७ प्रोग्रॅमच्या मालकाला संग्रहासाठी प्रत काढू देतं. पण १९८३ मध्ये अटारी कंपनीने जेएस अँड ए या कंपनीवर खटला भरला. ती कंपनी प्रॉम ब्लास्टर नावाचं यंत्र विकायची, ज्याने अटारीच्या कार्ट्रिजची दुसऱ्या कोऱ्या कार्ट्रिजवर नक्कल करता यायची. कंपनीचा बचाव होता की लोक आपल्या कार्ट्रिजची सुरक्षित प्रत काढतात. न्यायालयाने तो मानला नाही. त्याचं म्हणणं असं की ही सवलत अशा माध्यमांसाठी आहे जी विजेच्या किंवा यांत्रिक बिघाडाने सहज पुसली जातात, आणि रॉम कार्ट्रिज त्या धोक्यात नसतं. म्हणजे जे माध्यम टिकाऊ, त्याची प्रत काढायचा हक्क कमी! पुढे १९८८ मध्ये व्हॉल्ट विरुद्ध क्वेड या खटल्यात दुसऱ्या न्यायालयाने उलट मत दिलं, की मालक कुठल्याही प्रकारच्या धोक्यापासून बचावासाठी प्रत काढू शकतो. दोन न्यायालयं, दोन मतं, आणि खटले तरी कशावर, तर एकात अटारीचं कार्ट्रिज आणि दुसऱ्यात फ्लॉपी.

कलम ११७ मध्ये आणखी एक अट आहे. मूळ वस्तूवरचा तुमचा हक्क संपला की संग्रहासाठी काढलेली प्रत नष्ट करायची. कार्ट्रिज विकलंत तर फाइलही पुसायची किंवा त्याच्यासोबतच द्यायची. आपल्या (एए) मध्येही 'कायदेशीर ताबा' हा शब्द आहे, म्हणून भारतातही मी हाच नियम पाळायला सांगेन.

तिसरी गोष्ट कुलपांची. गेम बॉयच्या कार्ट्रिजमधला मजकूर गुप्त लिपीत नसतो, त्यामुळे तो वाचताना तुम्ही कुठलंही कुलूप फोडत नाही. नव्या कन्सोलचं तसं नाही. निन्टेंडो स्विचचे गेम एन्क्रिप्ट केलेले असतात, आणि अमेरिकेचा डीएमसीए कायदा ते कुलूप ओलांडणंच बेकायदा मानतो, मग प्रत स्वतःसाठी का असेना. मार्च २०२४ मध्ये स्विचचे गेम संगणकावर चालवणाऱ्या युझू या इम्युलेटरच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली, तो वाद याच कुलपाभोवती होता. भारतात २०१२ साली आलेलं कलम ६५ए थोडं सौम्य आहे. त्यात हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडलं तर शिक्षा आहे, आणि ती दोन वर्षांपर्यंतची कैद आहे. हेतू सिद्ध करावा लागतो हा फरक मोठा आहे, तरीही नवख्याने सुरुवात कुलूप नसलेल्या यंत्रांपासून करावी असं माझं मत.

इंटरनेटवरून तीच फाइल घेतली तर?

हा प्रश्न सगळेच विचारतात. 'माझ्याकडे कार्ट्रिज आहे, मग रीडर कशाला, डाउनलोड करून घेतो.' हॅश तोच येईल, एकही बिट वेगळा नसेल. तरी कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (एए) मध्ये शब्द आहेत 'त्या प्रतीवरून'. (एडी) मध्ये 'स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून'. डाउनलोड केलेली फाइल तुमच्या कार्ट्रिजवरून निघालेली नाही, ती दुसऱ्या कोणीतरी काढून परवानगीशिवाय वाटली आहे. आणि वाटणाऱ्यांवरच खटले होतात. २०१८ मध्ये लव्हरॉम्स या संकेतस्थळाच्या मालकांविरुद्ध १ कोटी २२ लाख डॉलरहून जास्त रकमेचा निकाल लागला.

फाइल स्वतःचा इतिहास सांगू शकत नाही, म्हणून तो तुम्ही लिहून ठेवायचा. प्रत्येक रॉमसोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा:

```
गेम: पोकेमॉन रेड, DMG-APAE
मूळ: माझं कार्ट्रिज, लेबलचे फोटो सोबत
रीडर: GBxCart RW, FlashGBX
वाचनं: २, दोन्ही सारखी
SHA1: ea9bcae617fdf159b045185467ae58b2e4a48b9a
```

तारीख आणि प्रोग्रॅमची आवृत्तीही त्यात घाला. कार्ट्रिजचे पुढून-मागून फोटो काढा. संग्रहालयातली माणसं प्रत्येक वस्तूसाठी हेच करतात, आणि घरच्या संग्रहासाठीही यापेक्षा चांगला पुरावा नाही.

खेळणं आणि बॅटरी बदलणं

इम्युलेटर हा स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम आहे. तो बनवणं किंवा वापरणं बेकायदा नाही. २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवताना केलेली अभ्यासापुरती नक्कल योग्य वापरात धरली. कन्सोलच्या आतला सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम मात्र कंपनीचाच असतो. गेम बॉयच्या बाबतीत ही अडचण टळते, कारण एमजीबीए त्याच्याशिवाय चालतो आणि सेमबॉय स्वतः नव्याने लिहिलेला पर्याय सोबत देतो.

रॉम आणि सेव्हला एकच नाव द्या, `pokemon_red.gb` आणि `pokemon_red.sav`, आणि एकाच फोल्डरमध्ये त्यांची दुसरी प्रत ठेवून ती उघडा. मूळ फाइलवर कधी खेळू नका, त्या फक्त वाचता येतील अशा करून ठेवा. इम्युलेटरचा 'सेव्ह स्टेट' सोयीचा असतो, पण तो त्या इम्युलेटरच्या त्या आवृत्तीशी बांधलेला असतो. उद्या प्रोग्रॅम बदलला तर तो उघडेलच असं नाही. जपायची ती `.sav` फाइल, कारण ती परत खऱ्या कार्ट्रिजमध्येही भरता येते.

हेच बॅटरी बदलताना कामाला येतं. सेव्हची खात्री झाल्यावरच कार्ट्रिज उघडा, जुन्या बॅटरीवरचा क्रमांक वाचा, तीच बॅटरी धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेल्या रूपात आणा आणि झाळा. सुट्ट्या बॅटरीला थेट झाळणी लावू नका, ती फुटू शकते. झाळणीचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. मग `Restore Save Data` वापरून तुमचा सेव्ह परत भरा, पुन्हा एकदा वाचून तो जुन्याशी ताडा.

आपल्या टीव्ही गेमच्या कॅसेट

महाराष्ट्रात बहुतेक घरांत गेम बॉय नव्हताच. होता तो टीव्हीला जोडायचा निन्टेंडो फॅमिकॉमचा नकली भाऊ आणि त्याच्या पिवळ्या, निळ्या '९९९९ इन १' कॅसेट. वर सांगितलेला रीडर त्या वाचत नाही, त्यांची जोडणी वेगळी, साठ पट्ट्यांची असते. अडचण यंत्रापेक्षा कायद्याची मोठी आहे. ती कॅसेट तुम्ही दुकानातून पैसे मोजून, पूर्ण विश्वासाने घेतली असली तरी तिच्यातले गेम मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय भरलेले होते. 'कायदेशीरपणे मिळवलेली प्रत' ही अट तिथे पूर्ण होत नाही, म्हणून (एडी) चा आधार उरत नाही. शिवाय कलम ६३बी नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे.

ग्रंथालयाकडे द्यावी असं म्हणाल तर कलम ५२(१)(एन) बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल साठवण करू देतं, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची आधीपासून 'बिगर-डिजिटल' प्रत असावी अशी अट आहे. पुस्तकाला ते जमतं. कार्ट्रिज मुळातच डिजिटल आहे, त्यामुळे ते या दारातून आत येत नाही. मला हा कायद्यातला खराखुरा दोष वाटतो, कारण त्या कॅसेटमधले बदललेले गेम, मोडक्या इंग्रजीतले मेन्यू आणि त्यावरची नावं दुसरीकडे कुठेच नोंदलेली नाहीत.

तोवर जे करता येतं ते करा. कॅसेट फेकू नका. पुढून, मागून आणि उघडून आतल्या पट्टीचे स्पष्ट फोटो काढा, कुठल्या गावात, कोणत्या साली, किती रुपयांना घेतली ते लिहून ठेवा, आणि मेन्यूची पानं टीव्हीवर चालवून त्यांचे फोटो घ्या. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, कारण कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात पट्ट्या हिरव्या पडायला वेळ लागत नाही.